कंटेनर न्हावाशेवाला उतरल्यापासून गेटबाहेर पडेपर्यंत

प्रश्न : चीनहून पहिल्यांदाच एक मशीन मागवलंय. जहाज न्हावाशेवाला लागल्यावर माल सुटेपर्यंत नेमकं काय काय होतं, आणि कुठले कागद मी तयार ठेवायचे? सगळे म्हणतात, माल कस्टममध्ये अडकतो.

शेवटचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. "माल कस्टममध्ये अडकला" हे वाक्य आमच्या घरात चार वर्षं ऐकतोय आणि ते खोटं आहे. आमचं मशीन जहाज लागल्यापासून सोळाव्या दिवशी गेटबाहेर आलं. त्या सोळा दिवसांचा हिशोब मी तेव्हाच वहीत लिहून ठेवला होता. कस्टमच्या वाट्याला त्यातले चार दिवस येतात. बाकी सगळे आमचे.

आमचा तासगावला बेदाण्याचा धंदा. 2022 च्या फेब्रुवारीत, ऐन हंगामाच्या तोंडावर, चीनमधल्या हफेईहून कलर सॉर्टर मागवला. काळा, डागी बेदाणा कॅमेऱ्याने ओळखून हवेच्या झोताने बाजूला उडवणारं मशीन. शांघायहून वीस फुटी कंटेनर निघाला. किंमत, भाडं, विमा धरून कस्टमच्या हिशोबाची किंमत साधारण 20 लाख. सत्तर टक्के पैसे आधी दिले होते, तीस टक्के माल निघाल्यावर द्यायचे होते. ते तीस टक्के दादाने धरून ठेवले. डॉलर उतरेल असं त्याचं म्हणणं.

सगळं इथून बिघडलं. विक्रेत्याने पैसे येईपर्यंत अंतिम इन्व्हॉइस पाठवलं नाही आणि बिल ऑफ लेडिंग, म्हणजे शिपिंग लाइनची मालाची पावती, तीही सोडली नाही. जहाज गुरुवारी लागलं. नियम असा आहे की बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातदाराने कस्टमला मालाबद्दल द्यायचं निवेदन, जहाज येण्याच्या आदल्या दिवसाच्या अखेरपर्यंत दाखल व्हायला हवं. सुट्टी असली तरी. 2021 पासून हे कडक झालं. त्याआधी जहाज आल्यावर एक दिवस मिळायचा, आणि जुने लोक अजून तोच हिशोब सांगतात. उशीर झाला की पहिले तीन दिवस रोज 5,000 आणि पुढे रोज 10,000 रुपये. आमचं शनिवारी दाखल झालं. 15,000 गेले. कस्टमने अजून आमच्या मालाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

तुम्हाला उलट करता येतं. जहाज येण्याच्या तीस दिवस आधीपासून बिल ऑफ एन्ट्री भरता येतं. त्यासाठी बिल ऑफ लेडिंगचा नंबर आणि अंतिम इन्व्हॉइस हातात असलं की पुरे, मूळ बिल ऑफ लेडिंगची वाट बघायची गरज नाही. मूळ प्रत, किंवा तिच्याशिवायही माल द्या असा विक्रेत्याकडून लाइनमार्फत येणारा निरोप म्हणजे टेलेक्स रिलीज, लागतं ते शिपिंग लाइनकडून डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल ताब्यात द्यायची चिठ्ठी, घेताना. या दोन रांगा वेगळ्या आहेत. एक कस्टमची, एक शिपिंग लाइनची. दोन्ही पूर्ण झाल्याशिवाय कंटेनर हलत नाही, पण दोन्ही एकाच वेळी चालवता येतात. आमच्या दादाला हे आजही पटत नाही.

पुढचे टप्पे आता माझ्या मशीनवरूनच सांगतो. शिपिंग लाइन जहाजावरच्या मालाची यादी कस्टमला देते, तिला आयजीएम म्हणतात. तुमचं बिल ऑफ एन्ट्री त्या यादीतल्या तुमच्या ओळीशी जुळावं लागतं. मग संगणक जोखीम बघून ठरवतो की तुमचं मूल्यांकन जसं भरलं तसं मान्य करायचं, की अधिकाऱ्याकडे पाठवायचं, की माल उघडून बघायचा. 2020 पासून मूल्यांकन फेसलेस झालंय, म्हणजे तुमचे कागद बघणारा अधिकारी देशातल्या दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो. त्याला जाऊन भेटता येत नाही. त्याच्यासमोर फक्त तुम्ही ई-संचित या कस्टमच्या ऑनलाइन व्यवस्थेत चढवलेले कागद असतात. जे चढवलं नाही, ते त्याच्या लेखी नाही.

आमचे कागद भरणाऱ्या कस्टम एजंटने मशीन कस्टमच्या वर्गवारीतल्या 8437 या शीर्षकाखाली भरलं होतं. ते बी-बियाणं, धान्य, कडधान्य साफ करणाऱ्या आणि निवडणाऱ्या मशीनचं. तेव्हा त्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी, 5 टक्के होता. सोमवारी अधिकाऱ्याचा प्रश्न आला : हे मशीन नेमकं काय निवडतं? फळं किंवा इतर शेतमाल निवडणारी मशीन 8433 मध्ये येतात, त्यावर तेव्हा 12 टक्के. कॅटलॉग जोडा.

प्रश्न रास्त होता. बेदाणा म्हणजे वाळवलेलं द्राक्ष, ते फळच. आमच्या खरेदी ऑर्डरवर मीच स्वतः "बेदाण्यासाठी" असं लिहिलं होतं. पण कॅटलॉग आमच्याकडे नव्हता. विक्रेत्याकडे मागितला, तो आला गुरुवारी. त्याच्या चौथ्या पानावर तांदूळ, डाळ आणि बेदाणा या तिन्हींचे फोटो होते. एजंट म्हणाला, यावर भांडता येईल. दादा म्हणाला, भांडूया, दीड लाखाचा फरक आहे. मी नको म्हणालो.

फरक खरंच तेवढा होता. 20 लाखांवर मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के, म्हणजे 1,50,000. त्याच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, 15,000. आयजीएसटी या तिन्हींच्या बेरजेवर लागतो, म्हणजे 21,65,000 वर. पाच टक्क्यांनी 1,08,250, बारा टक्क्यांनी 2,59,800. पण आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, ते खर्चात जात नाही. खिशातून कायमचे जातात ते सीमाशुल्क आणि अधिभार, आणि ते दोन्ही शीर्षकांत सारखेच होते. परत मिळणाऱ्या पैशांसाठी कंटेनर उभा ठेवून भाडं भरायचं? मी "8433 मान्य" असं उत्तर पाठवायला लावलं. दुसऱ्या दिवशी मूल्यांकन झालं, त्याच दिवशी ड्युटी भरली. मूल्यांकन होऊन कागद परतले की पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत ड्युटी भरायची असते, नंतर वर्षाला 15 टक्क्यांनी व्याज लागतं.

नववा दिवस संपला होता. त्यात अधिकाऱ्याने घेतलेले दिवस म्हणजे शनिवारच्या कागदावर सोमवारी प्रश्न, आणि गुरुवारच्या उत्तरावर शुक्रवारी निर्णय.

मग तपासणी. कंटेनर द्रोणागिरीकडच्या सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर डेपोत, होता. मी स्वतः गेलो. कामगारांनी पहारीने फळ्या उचकटल्या. पहिल्या खोक्यात मशीन, दुसऱ्यात हवेची टाकी. आणि मागे एक तिसरं, गुडघ्याएवढं खोकं. त्यात बेल्ट, काचा आणि हवेचा झोत सोडणारे छोटे व्हॉल्व्ह, प्लास्टिकच्या पिशव्यांत मोजून भरलेले. बिल ऑफ लेडिंगवर नग तीन, आमच्या पॅकिंग लिस्टवर दोन. विक्रेत्याने सुटे भाग भेट म्हणून टाकले होते आणि इन्व्हॉइसवर घ्यायचे विसरला होता.

भेट असली तरी कस्टमच्या लेखी तिला किंमत असते. फुकट आलेल्या वस्तूचीही किंमत इन्व्हॉइसवर लिहावी लागते, बाजूला "पैसे आकारलेले नाहीत" असा शेरा टाकून. न लिहिलेला माल सापडला की तो लपवलेला माल ठरतो आणि कायद्याने तो जप्त करता येतो. आम्ही विक्रेत्याकडून किमतीचं पत्र मागवलं, कारणे दाखवा नोटीस नको असं लेखी दिलं, वाढीव ड्युटी आणि दंड भरला. त्यात बाकीचे दिवस गेले. मग आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडण्याचा कस्टमचा हुकूम. तोवर दादाने तीस टक्के पाठवून टेलेक्स रिलीज मिळवलं होतं. डिलिव्हरी ऑर्डर, सीएफएसचं बिल, गेट पास, आणि कंटेनर बाहेर. मोफत दिवस उलटल्यामुळे लाइनचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर जास्त दिवस अडवल्याचं भाडं, आणि सीएफएसचं भाडं मिळून 60,000 च्या वर गेले. डॉलर त्या काळात उतरला नाही.

म्हणून कागदांचं माझं मत सरळ आहे : इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग यांचे मसुदे कंटेनर भरायच्या आधी मागवा आणि तिन्ही शेजारी ठेवून वाचा. नग, वजन, तुमच्या कंपनीचं नाव आणि पत्ता आयईसी या आयात-निर्यात कोडवर आहे तसाच, आणि मालाचं वर्णन. "मशीन 1 सेट" हे वर्णन नव्हे. मॉडेल नंबर, काय करतं, सोबत काय काय आहे, सगळं हवं. विमा तुम्ही काढला असेल तर त्याचा कागद द्या. तो नसेल तर मालाच्या एफओबी किमतीच्या, म्हणजे जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीच्या, 1.125 टक्के विमा धरून ड्युटी लागते. कॅटलॉग, खरेदी ऑर्डर आणि बँकेतून पैसे पाठवल्याची पावती कोणी मागितली नाही तरी आधीच ई-संचितवर चढवायला सांगा. खोकी अखंड लाकडाची असतील तर त्यांवर आयएसपीएम-15 चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा, शिक्का आहे ना, याचा फोटो विक्रेत्याकडून घ्या. गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असतं. प्लायवूडला तो लागत नाही.

आणि एजंटवर सोडून झोपू नका. तो कागद भरतो, कागद जन्माला घालत नाही. दादा अजून म्हणतो, "एजंटला पैसे कशाचे देतो मग?" तिसरं खोकं एजंटने कुठून ओळखायचं? बिल ऑफ एन्ट्रीचा नंबर घेऊन आइसगेट या कस्टमच्या संकेतस्थळावर स्थिती स्वतः रोज बघा. प्रश्न आला की त्याच दिवशी कळतं.

एक राहिलं. हे सगळं नव्या मशीनचं, समुद्रमार्गे, पूर्ण कंटेनरचं झालं. जुनं मशीन असेल तर चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला लागतो. वायरलेस किंवा बीआयएस या भारतीय मानक ब्युरोच्या यादीतली वस्तू असेल तर परवाना माल निघायच्या आधी हवा, इथे आल्यावर धावपळ करून मिळत नाही. मी सांगितलेले आयजीएसटीचे दर त्याच वर्षी जुलैत बदलले, तेव्हा तुमच्या मशीनचा आजचा दर बघूनच पैशांची सोय करा.

दुसरं मशीन आम्ही गेल्या वर्षी आणलं. पैसे जहाज सुटल्या आठवड्यात दिले, बिल ऑफ एन्ट्री जहाज लागायच्या सहा दिवस आधी भरलं, सुटे भाग किमतीसह इन्व्हॉइसवर होते. चौथ्या दिवशी कंटेनर तासगावच्या रस्त्याला लागला होता.