सर्दीनंतर बाळाची छाती का वाजते?

४ महिन्यांच्या बाळाला आधी नुसती सर्दी होती, आता छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो आणि श्वास भरभर चालतो, असं का?

व्हायरसमुळे, बहुतेकदा आरएसव्ही, फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक नळ्या आतून सुजतात आणि चिकट कफाने भरतात. नळीची रुंदी अर्धी झाली की अडथळा दुप्पट नाही, साधारण १६ पट होतो, आणि बाळाच्या नळ्या मुळातच केवढ्याशा! श्वास सोडताना त्या अजून दबतात म्हणून शिट्टी वाजते, हवा आत अडकते, प्रत्येक श्वासात कमी हवा मिळते म्हणून बाळ भरभर श्वास घेतं. दम्याचा पंप इथे सहसा उपयोगी नाही कारण ही सूज आहे, स्नायू आवळलेले नाहीत. झोपेत पूर्ण १ मिनिट श्वास मोजा, ५० किंवा जास्त, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय किंवा दूध निम्मंच पितंय तर आजच डॉक्टरांकडे न्या, आणि ओठ निळे दिसले किंवा श्वास मधेच थांबला तर लगेच हॉस्पिटल.