पृथ्वी आणि आयनांबर यांचा गोलीय कॅपॅसिटर: विभवांतराचे गणित का जुळत नाही?

प्रश्न: पृथ्वी आणि आयनांबर मिळून एक गोलीय कॅपॅसिटर होतो असे वाचले. निरभ्र हवेत जमिनीजवळचे विद्युत क्षेत्र दर मीटरला १०० व्होल्ट आणि मधले अंतर ६० किमी घेतले, तर विभवांतर ६० लाख व्होल्ट येते. पुस्तकात मात्र अडीच लाख व्होल्ट दिले आहे. माझे कुठे चुकते?

उत्तर: आपला गुणाकार बरोबर आहे. चूक आहे ती त्यामागच्या गृहीतकात: जमिनीवर मोजलेले क्षेत्र आयनांबरापर्यंत तेवढेच टिकते, असे आपण धरले आहे. साध्या कॅपॅसिटरमध्ये ते टिकते, कारण दोन पृष्ठांच्या मध्ये विद्युतरोधक असतो आणि सगळा विद्युतभार पृष्ठांवरच बसलेला असतो. हवा मात्र पूर्ण विद्युतरोधक नाही, आणि हा फरक किरकोळ नसून पूर्ण चित्र बदलणारा आहे.

पृथ्वीवरील विद्युतभार दोन वेगळ्या मार्गांनी काढून पाहिला की ही तफावत नेमकी दिसते. पहिला मार्ग थेट क्षेत्रावरून जातो. पृष्ठभागावरील भारघनता ε₀E असते, म्हणजे दर चौरस मीटरला एका कूलोमच्या अब्जांशाहून थोडी कमी. पृथ्वीचे क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किमी आहे. त्याने गुणले की एकूण विद्युतभार सुमारे साडेचार लाख कूलोम येतो. क्षेत्राची दिशा खाली जमिनीकडे असल्याने हा भार ऋण आहे. दुसरा मार्ग गोलीय कॅपॅसिटरच्या सूत्राचा:

C = 4πε₀ab/(b − a)

येथे a = ६३७० किमी आणि b = ६४३० किमी घेतले, तर धारिता ०.०७६ फॅरड येते. तिला अडीच लाख व्होल्टने गुणले की हाती लागतात फक्त १९,००० कूलोम, म्हणजे पहिल्या उत्तराच्या सुमारे चोविसाव्या हिश्श्याइतके. आपले ६० लाख आणि पुस्तकातले अडीच लाख यांचे गुणोत्तरही २४ च आहे. हा योगायोग नव्हे. एकच चूक दोन ठिकाणी दिसते आहे. (दोष गोलाकाराचाही नाही. ६० किमीचे अंतर त्रिज्येच्या एक टक्क्याहून कमी असल्याने सपाट पृष्ठे धरून हिशेब केला तरी उत्तर जवळजवळ तेच येते.)

आता खरे कारण पाहू. विश्वकिरणांमुळे आणि जमिनीलगत किरणोत्सारी द्रव्यांमुळे हवेत सतत आयन तयार होत असतात. वर जावे तसा विश्वकिरणांचा परिणाम आधी वाढत जातो, आणि हवाही विरळ होत असल्यामुळे आयनांना हालचालीची अधिक मोकळीक मिळते. त्यामुळे हवेची वाहकता उंचीनुसार झपाट्याने वाढते. निरभ्र भागात वरून खाली येणारा प्रवाह दर चौरस मीटरला साधारण २ पिकोअँपिअर असतो, आणि स्थिर अवस्थेत तो प्रत्येक उंचीवर सारखाच असावा लागतो. नाहीतर मध्येच कुठेतरी विद्युतभार साठत राहील. प्रवाह तोच आणि वाहकता वाढलेली, म्हणजे क्षेत्र घटलेच पाहिजे. जमिनीवर दर मीटरला १०० व्होल्टच्या आसपास असलेले क्षेत्र १० किमी उंचीवर जेमतेम ५ व्होल्टच्या घरात उरते.

यातूनच गाऊसच्या नियमाने पुढचा, मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निष्कर्ष निघतो. क्षेत्र वर कमी होते याचा अर्थ जमिनीवर येऊन संपणाऱ्या बहुतेक क्षेत्ररेषा आयनांबरातून निघतच नाहीत, त्या मधल्या हवेतील धनभारावरून निघतात. १० किमीवर क्षेत्र विसाव्या हिश्श्यावर आले असेल, तर पृथ्वीच्या ऋणभाराला तोलणारा सुमारे ९५ टक्के धनभार त्या उंचीच्या खालीच पसरलेला आहे. आयनांबराच्या ‘पृष्ठावर’ जवळजवळ काहीच नाही. हा धनभार अतिशय विरळ असतो: खालच्या थरात सरासरीने दर घन सेंटिमीटरला जेमतेम दोन धन आयन जास्त असले तरी पुरते, जरी त्याच जागेत दोन्ही प्रकारचे आयन प्रत्येकी शेकड्यांनी असतात.

क्षेत्र घातांकी नियमाने घटते असे ढोबळपणे धरले, E = E₀e^(−z/H), तर विभवांतर E₀H एवढे येते. ते अडीच लाख व्होल्ट असण्यासाठी H सुमारे २.५ किमी हवे. म्हणजे गुणाकारात ६० किमीऐवजी अडीच किमी घ्यायला हवे होते. या नियमानुसार एकूण विभवांतराचा ९० टक्के भाग पहिल्या पावणेसहा किमीतच संपतो. प्रत्यक्षात घट इतकी साधी नसते. जमिनीलगत ती अधिक वेगाने आणि वर अधिक सावकाश होते, पण मुद्दा त्याने बदलत नाही.

ही दुरुस्ती योग्य आहे का, हे काळाच्या हिशेबानेही तपासता येते. दर चौरस मीटरचा प्रवाह पूर्ण पृथ्वीवर धरला तर सुमारे १००० अँपिअर होतो, त्यामुळे हवेचा एकूण रोध २५० ओहमच्या आसपास येतो. साडेचार लाख कूलोमला १००० अँपिअरने भागले की सुमारे साडेसात मिनिटे मिळतात. जमिनीजवळील वाहकतेवरून ε₀/σ काढले तरी तेवढाच काळ येतो. ०.०७६ फॅरड घेऊन RC काढला असता, तर १९ सेकंद आले असते. विभवांतर आणि पृथ्वीवरील भार यांचा मेळ घालणारी परिणामी धारिता सुमारे १.८ फॅरड आहे. इतक्या लवकर निचरा होऊनही भार टिकतो, कारण जगभरातील गडगडाटी वादळे आणि विजेचे ढग तो सतत भरून काढतात. हा विचार सी. टी. आर. विल्सन यांनी १९२० च्या दशकात मांडला. ‘कार्नेगी’ जहाजावरील मोजमापांत समुद्रावरचे क्षेत्र, जहाज कुठेही असले तरी, साधारण १९ वाजता (जागतिक प्रमाणवेळेनुसार) कमाल असल्याचे दिसले, आणि ते जगभरच्या वादळांच्या दैनिक चढउताराशी जुळते.

शेवटी एक उदाहरण, ज्यावरून आपल्या पद्धतीचा धोका स्पष्ट होईल. समजा एखाद्या ठिकाणी जमिनीलगतच्या १०० मीटर थरात धुके उतरले आणि आयन थेंबांना चिकटल्यामुळे तिथली वाहकता निम्मी झाली. वरच्या घातांकी नमुन्यात हवेच्या स्तंभाचा सुमारे ४ टक्के रोध या थरात असतो. तो दुप्पट झाल्याने एकूण रोध ४ टक्क्यांनी वाढतो आणि प्रवाह तेवढाच घटतो. जमिनीवरचे क्षेत्र मात्र १०० वरून १९२ व्होल्ट प्रति मीटरवर जाते. आयनांबराच्या विभवात काहीही बदल झालेला नसतो, तरी ६० किमीने गुणणाऱ्याला १ कोटी १५ लाख व्होल्ट मिळतील. म्हणूनच आयनांबराचे विभव हवे असेल तर फुग्याबरोबर उपकरण वर सोडून उंचीनुसार क्षेत्र मोजतात आणि त्याचे समाकलन करतात. १५ ते २० किमीच्या वर उरणारा वाटा इतका लहान असतो की तो अंदाजाने मिळवला तरी चालते.