शिबिरातल्या डायबेटिसच्या भाषणात पाय आधी घ्या

प्रश्न: आमच्या कॉलनीच्या आरोग्य शिबिरात डायबेटिसवर २० मिनिटं बोलायचंय. स्लाइड्स किती आणि कशा ठेवू? लोकांनी घरी नेमकं काय घेऊन जावं?

सहा स्लाइड्स पुरे, आणि त्यातल्या चार पायावर ठेवा. असं का म्हणतोय ते सांगतो, जरा लांबेल.

मी नाशिकला सिडकोत मेडिकल चालवतो, १९ वर्षं झाली. काही वर्षांपूर्वी आषाढात आमच्या भागात असंच शिबिर होतं आणि मला बोलायला सांगितलं. मी ३४ स्लाइड्स केल्या. स्वादुपिंडाचं चित्र, इन्सुलिन कसं काम करतं, टाइप वन, टाइप टू, किडनी, डोळे, हृदय, शेवटून दुसऱ्या स्लाइडवर "पायांची काळजी घ्या" अशी एक ओळ. तिथपर्यंत पोचेस्तोवर चहा आला होता, ती ओळ मी वाचलीसुद्धा नाही. पहिल्या रांगेत माझे सख्खे काका बसले होते, १४ वर्षांचा डायबेटिस. त्यांनी आंब्याबद्दल विचारलं, मी आंब्याबद्दल सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग श्रावण आला. काका दर वर्षी तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीच्या फेरीला जायचे, अनवाणी. त्या वर्षीही गेले. सोमवारी संध्याकाळी परत आले, पाय धुतले, जेवले, झोपले. मंगळवार गेला. बुधवारी सकाळी काकू फरशी पुसत होत्या तर पांढऱ्या फरशीवर बाथरूमपासून देवघरापर्यंत तपकिरी ठिपके, ओळीने. काकूंना वाटलं काही सांडलं. काकांना खाली बसवून उजवा पाय उलटा केला तर करंगळीच्या खाली काटा मोडून आत बसलेला, भोवती लाल सूज, आणि काका म्हणतायत "मला काही दुखत नाही गं". काट्यावरून दोन दिवस चालले होते ते. इन्फेक्शन हाडापर्यंत गेलं, करंगळी काढावी लागली.

दुखत नव्हतं हाच तर आजार होता. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की नसा खराब होतात आणि सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या, म्हणून सुरुवात तिथून होते. काहींना मुंग्या येतात, आग होते, ते निदान डॉक्टरकडे तरी जातात. काकांसारख्यांचा पाय गुपचूप बधिर होतो आणि त्यांना वाटतं आपले पाय एकदम ठणठणीत.

म्हणून आता मी भाषणाची सुरुवातच पाय बधिर आहे का हे बघायच्या टेस्टने करतो आणि तुम्हीही तेच करा. हिला काही उपकरण लागत नाही. समोरच्या एका काकांना किंवा मावशींना पुढे बोलवा, चपला-मोजे काढायला लावा, डोळे मिटायला सांगा. आपल्या तर्जनीच्या टोकाने त्यांच्या पायाच्या बोटाच्या टोकाला एक-दोन सेकंद हलका स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, घासायचं नाही, पीस टेकल्यासारखं. जाणवलं की त्यांनी "डावा" किंवा "उजवा" म्हणायचं. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पायाची संवेदना कमी झालीये असं समजायचं आणि डॉक्टरकडे पाठवायचं. चूक कुठे होते सांगतो: कळलं नाही की आपण परत जरा जोरात दाबतो, बिचाऱ्याला पास करायला. तसं करू नका. एका ठिकाणी एकच स्पर्श. दाब वेगळ्या नसांनाही कळतो, त्यामुळे दाबलं की टेस्ट वाया गेली.

मग लोकांना जोडीजोडीने एकमेकांची करायला लावा. नवरा-बायको असतील तर उत्तम, कारण घरी तीच जोडी असणारे. पाच मिनिटं यात गेली तरी जाऊ द्या.

स्लाइड्सचं म्हणाल तर दुपारी मांडवात प्रोजेक्टरचं काही दिसत नाही, पांढऱ्यावर काळी मोठी अक्षरं, एका स्लाइडवर एक वाक्य, आणि त्याच सहाची एक-एक मोठी प्रिंट काढून ठेवा म्हणजे लाइट गेली तरी अडणार नाही. पहिलीवर फक्त आकडे: उपाशीपोटी १२६ किंवा वर, एचबीएवनसी ६.५ किंवा वर, तर डायबेटिस, पण लॅबमध्ये परत तपासून पक्कं करायचं. दुसरीवर टेस्टचे सहा स्पर्श, पायाच्या चित्रावर नंबर टाकून. तिसरी, "रोज रात्री तळपाय बघा", वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवून. चौथी, "घरातसुद्धा चप्पल", आणि घालायच्या आधी आत हात फिरवून खडा बघायचा. पाचवी, "कुरूप स्वतः कापू नका, कॉर्न कॅप लावू नका", त्यात कातडी जाळणारं औषध असतं आणि बधिर पायाला जळलेलं कळत नाही. मी डायबेटिसवाल्याला ती विकतच नाही, गिऱ्हाईक चिडलं तरी चालेल. सहावी, जखम दिसली तर त्याच दिवशी कुठे जायचं, तुमच्या भागातल्या दवाखान्याचा पत्ता आणि वेळ. सडलेल्या पायाचे फोटो लावू नका, लोक मान फिरवतात आणि त्यांना वाटतं हे आपलं नाही. काकांचा पाय बुधवारी सकाळी सकाळीसुद्धा वरून साधाच दिसत होता.

तपासणीच्या टेबलावर साबण-पाणी ठेवा, हे मात्र विसरू नका. आपल्याकडे द्राक्षांच्या दिवसात माणूस द्राक्षं खातखातच रांगेत येतो, बोटाला रस असतो. आमच्या एका शिबिरात एका ताईंची साखर २६४ आली, रडायलाच लागल्या, हात धुवून पुसून दुसऱ्या बोटाचं घेतलं तर ११८. नुसता स्पिरिटचा बोळा पुरत नाही, हात धुवायला लावा.

आहाराचं विचारतील, भात-गूळ-आंबा. एक वाक्यात सांगा की गूळही साखरच वाढवतो, आणि पुढे जा. आमच्या शिबिराचे आयोजक अजून म्हणतात की "विषय पूर्ण कव्हर व्हायला पाहिजे". माझा पूर्ण कव्हर झाला होता, ३४ स्लाइड्समध्ये.

एक राहिलं, ही टेस्ट म्हणजे निदान नाही. बी-१२ कमी असलं, दारू असली तरी पाय बधिर होतात, आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं, ते डॉक्टर बघतील. टेस्टमध्ये सहाच्या सहा बरोबर आले तरी रक्तपुरवठा कसा आहे हे त्यात कळत नाही, त्यामुळे वर्षातून एकदा डॉक्टरांना पाय दाखवायचाच.

आणि फेरी, वारी, अनवाणी नवस यावर भाषणात बोला, टाळू नका. माझा चुलतभाऊ आजही म्हणतो बाबांनी अनवाणी जायलाच नको होतं, चूक त्यांचीच. मला ते मान्य नाही. त्यांना पाय बधिर आहे हे माहीतच नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं तो समोर माईक घेऊन उभा होता. आता काका एमसीआरची मऊ चप्पल घालून फेरीला जातात, आणि घरी आल्यावर आधी काकू बॅटरी घेऊन दोन्ही तळपाय बघतात, मगच जेवण.