पाचचा गजर आणि तीन पाळ्या

राहतो ठाण्याला, रबाळ्याच्या कारखान्यात आहे, पाळी दर आठवड्याला बदलते. पहाटे पाचला उठून व्यायाम करायचं तीनदा ठरवलं, दुसऱ्या आठवड्यात मोडलंच. माझ्यातच जिद्द कमी आहे का?

जिद्दीचा इथे संबंध नाही. तुमचा बेत फक्त पहिल्या पाळीला लागू पडतो. दुसऱ्या पाळीत रात्री अकराला सुटून, ठाण्याला पोचून, जेवून झोपेपर्यंत एक वाजतो. पाचचा गजर म्हणजे चार तासांची झोप. तिसऱ्या पाळीत तर पाच वाजता तुम्ही मशीनसमोर असता. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं, म्हणजे ते जुळत येईतो पुढची पाळी लागते.

म्हणून व्यायाम वेळेला नको, रोज घडणाऱ्या गोष्टीला बांधा. दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीत ‘झोपून उठलो की’: पाणी, दहा मिनिटं गॅलरीत उजेडात, मग वीस मिनिटं व्यायाम. पहिल्या पाळीत ‘घरी आलो की, बसायच्या आधी’. त्या आठवड्यात ट्रॅकपँट दाराच्या कडीलाच लटकवा; सेफ्टी शूज काढले की हाताला तीच लागली पाहिजे. तिन्ही पाळ्यांच्या तीन ओळी फ्रिजवर चिकटवा, म्हणजे थकल्यावर विचार करावा लागत नाही. आठवड्यात तीनदा गजर बंद करून पुन्हा झोप लागली, तर व्यायामाचं नंतर बघा, आधी झोपेचे तास वाढवा.

ठाण्यात नर्स आहे. नाइटहून आल्यावर सगळं आवरून झोपायला अकरा वाजतात आणि दोनला जाग येते.

दुपार चढते तसं शरीर जागं व्हायला लागतं, म्हणून उशिरा पडलात की झोप तुटतेच. नऊच्या आत पाठ टेकायची. त्याची तयारी ड्युटीला निघण्याआधी होते: भाजी चिरून ठेवणं, मुलांचे डबे कोण भरणार ते ठरवणं. झोपताना कचऱ्याचा डबा दाराबाहेर आणि बेल बंद. (बेलचं बटण हा रात्रपाळीचा खरा शत्रू, हे माझं जुनं मत.) पहाटे तीननंतर चहा नको, त्यातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं. घरी येताना गॉगल घातलात तर सकाळचा उजेड कमी लागतो. पण स्कूटर चालवत येत असाल तर गॉगल नको, आणि डोळे मिटत असतील तर स्कूटरही नको. बस किंवा रिक्षा. एवढं करूनही पाच तासच मिळाले, तर ड्युटीआधी संध्याकाळी दीड तास पडा.

शेवटच्या नाइटनंतर सुट्टी असते. तेव्हा दिवसभर झोपावं का?

नको. बाराच्या सुमारास उठा, थोडं पेंगत का होईना दिवस काढा आणि रात्री दहाला झोपा. पुढची नाइट लागेल त्या दुपारी मात्र आधीच दीड तास झोपून घ्या.