प्लग काढला की गेम का झोपतो?

गेमिंग लॅपटॉप घेऊन चार महिने झाले. प्लग लावलेला असताना गेम 90 एफपीएसने चालतो, प्लग काढला की बरोबर 30. ना 29, ना 31. दुकानदार म्हणतो बॅटरी बदला. मशीन खराब निघालं का? (आरटीएक्स 4060, 230 वॅटचा चार्जर)

बॅटरी बदलू नका. त्या ‘बरोबर 30’ मध्येच उत्तर आहे. ताकद कमी पडली की एफपीएस कधी 41, कधी 47 असे हेलकावे खातो. एका आकड्यावर खिळून बसला, तर कुणीतरी मुद्दाम लगाम घातलेला असतो. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये `Battery Boost` नावाची सोय आहे. बॅटरीवर असताना ती गेमचा वेग अडवते, म्हणजे बॅटरी थोडी जास्त टिकते. एनव्हिडियाच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ती बंद करा. काही गेम स्वतःही बॅटरीवर वेग कमी करतात, त्यामुळे गेमच्या ग्राफिक्स सेटिंगवरही एक नजर टाका.

पण बंद केल्यावर 90 मिळतील अशी आशा धरू नका. चाळिशीत किंवा पन्नाशीत अडकलात, तरी मशीन ठणठणीत आहे असंच समजा. त्याचं कारण वॅटच्या हिशोबात आहे, आणि तो हिशोब एकदा नीट मांडतो, कारण पुढच्या जवळजवळ सगळ्या पत्रांना तोच लागू आहे.

आरटीएक्स 4060 चा लॅपटॉपमधला चिप 35 ते 115 वॅटच्या पट्ट्यात चालतो. कुठल्या मशीनला किती द्यायचे, ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. तुमच्याकडे पूर्ण 115 आहेत असं धरू. गेम चालू असताना प्रोसेसर साधारण 45 वॅट खातो. स्क्रीन, रॅम, एसएसडी, पंखे आणि वाटेत उष्णता होऊन जाणारी वीज मिळून आणखी 25. बेरीज झाली 185 वॅट. 230 चा चार्जर हे सहज देतो आणि वर बॅटरीही भरत राहतो.

आता प्लग काढा. बॅटरी 60 वॅट-तासांची असेल, तर 185 वॅटच्या मागणीपुढे ती वीस मिनिटांत रिकामी होईल. तेवढं पुरेल म्हणणारेही असतात, पण अडचण वेळेची नाही, प्रवाहाची आहे. चार सेलच्या बॅटरीचा व्होल्टेज साधारण 15 असतो. त्यातून 185 वॅट काढायचे म्हणजे 12 अँपिअरहून जास्त प्रवाह. एवढा ओढा लागला की सेल तापतात, व्होल्टेज खचतो, आणि संरक्षक सर्किट बॅटरीच तोडून टाकतं. म्हणून बनवणारा आधीच कुंपण घालतो. ते कुंपण एकूण 80 वॅटवर आहे असं समजा. त्यातले 25 इतर गोष्टींना गेले, 20 प्रोसेसरला, म्हणजे ग्राफिक्स चिपच्या वाट्याला उरले 35. पूर्ण खुराकाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

गंमत म्हणजे वॅट तिसऱ्या हिश्श्यावर आले तरी वेग तेवढा पडत नाही, अर्ध्याच्या आसपास थांबतो. चिपचा वेग वाढवताना व्होल्टेजही वाढवावा लागतो, आणि वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. म्हणून शेवटचे थोडे एफपीएस फार महाग पडतात आणि पहिले स्वस्तात मिळतात. त्यामुळे बॅटरीवर खेळायचंच असेल, तर सेटिंग खाली आणून 40 एफपीएस स्वतःच लॉक करणं मला पटतं. हेलकावे खाणाऱ्या 48 पेक्षा स्थिर 40 डोळ्यांना बरे वाटतात.

स्वतः पडताळायचं असेल, तर टर्मिनलमध्ये हे चालू ठेवा आणि गेम खेळता खेळता प्लग काढा:

```
nvidia-smi --query-gpu=power.draw,clocks.gr --format=csv -l 2
```

दर दोन सेकंदांनी चिप किती वॅट खातो आणि किती वेगाने पळतो ते दिसेल. प्लग निघताच पहिला आकडा कसा कोसळतो, ते बघण्यासारखं असतं.

मग मोठ्या बॅटरीचा लॅपटॉप घेतला तर प्लगशिवाय पूर्ण वेग मिळेल का?

नाही. वॅट-तास म्हणजे टाकीत पाणी किती, आणि वॅट म्हणजे नळातून एका वेळी किती येतं. टाकी मोठी केली की नळ थोडा मोठा करता येतो, पण फार नाही. शिवाय विमानात विनापरवानगी 100 वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून मोठे गेमिंग लॅपटॉपही 99 च्या आसपास थांबतात. 99 मधून 185 वॅट काढले तरी अर्ध्या तासाचाच खेळ.

हॉस्टेलवर जड चार्जर न्यायला कंटाळा येतो. मित्राचा 65 वॅटचा टाइप-सी चार्जर लावतो. चार्जिंगचं चिन्ह दिसतं, गेमही बरा चालतो, पण तासाभराने अचानक सगळं अडखळायला लागतं. गरम होऊन होतं का?

उष्णतेने होत असतं, तर दहा-पंधरा मिनिटांतच कळलं असतं. तुमच्याकडे दोन तोंडांनी वीज जाते आहे. लॅपटॉपने टाइप-सीवर एकूण 105 वॅटची मुभा दिली असेल, तर 65 चार्जरकडून येतात आणि उरलेले 40 गुपचूप बॅटरीतून. 60 वॅट-तासांची बॅटरी पूर्ण भरलेली होती, आणि ती 30 टक्क्यांवर आली की मशीन तिला हात लावायचं थांबवतं असं धरा. म्हणजे वापरायला मिळाले 42 वॅट-तास. दर तासाला 40 जात असतील, तर एक तास आणि वर तीन मिनिटं. तुमचं ‘तासाभराने’ हेच. त्यानंतर सगळा संसार 65 वॅटमध्ये, त्यातले 25 आधीच गेलेले. गेम अडखळणार नाही तर काय होईल?

खात्री करायची असेल तर चार्जर लावलेला ठेवून, खेळताना बॅटरीचा टक्का बघा. प्लग असूनही तो उतरत असेल, तर प्रकरण हेच आहे.

टाइप-सीवरच राहायचं असेल, तर 100 वॅटचा पॉवर डिलिव्हरी चार्जर घ्या, पण आधी आपल्या मॉडेलच्या माहितीपत्रकात तो पोर्ट किती वॅट घेतो ते वाचा. काही गेमिंग लॅपटॉपचा टाइप-सी पोर्ट चार्जिंग घेतच नाही. घेणारेही बरेचदा टाइप-सीवर असताना सर्वांत वरचा टर्बो मोड बंद ठेवतात. केबलही महत्त्वाची. साधी केबल 3 अँपिअरची असते, म्हणजे 20 व्होल्टला 60 वॅट. त्यापुढे 5 अँपिअरची, आत ओळख-चिप असलेली केबल लागते. तिच्याशिवाय 100 चा चार्जरही 60 च देतो. आणि फोनच्या चार्जरवर ‘120 वॅट’ छापलंय म्हणून भुलू नका. तो आकडा बरेचदा फक्त त्याच कंपनीच्या फोनसाठी असतो. लॅपटॉपशी बोलताना तोच चार्जर त्याच्या कितीतरी कमी देऊ शकतो. चार्जरवरच्या बारीक अक्षरांत 20 व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत, त्यांचा गुणाकार तेवढा खरा.

ओरिजिनल 180 वॅटचा चार्जर जळला. दुकानातून तशाच पिनचा 120 चा आणला. आता गेम राहू द्या, एक्सेल उघडायलाही मिनिट लागतं. विंडोज तीनदा टाकून झालं.

विंडोजचा बिचाऱ्याचा दोष नाही. टास्क मॅनेजर उघडा, `Performance` मध्ये `CPU` वर जा आणि `Speed` बघा. तिथे 0.4 गिगाहर्ट्झच्या आसपास आकडा गोठलेला असेल, तर आता चार्जर उपटून पुन्हा बघा. आकडा एकदम 2-3 गिगाहर्ट्झवर उडाला तर चोर सापडला. प्लग लावल्यावर हळू आणि काढल्यावर जलद, असा उलटा कारभार दुसऱ्या कुठल्या बिघाडात सहसा दिसत नाही.

काही कंपन्यांच्या गोल पिनच्या मधोमध सुईसारखी एक बारीक तार असते. तिच्यातून वीज येत नाही, ओळख येते. चार्जरमधला इवलासा चिप तिच्यावरून लॅपटॉपला सांगतो की मी इतक्या वॅटचा. ही ओळख पटली नाही, तर लॅपटॉप सावधपणे वागतो: बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसरला सर्वांत खालच्या वेगावर बांधून ठेवतो. बायोसमध्ये अ‍ॅडॅप्टरच्या नावापुढे वॅटऐवजी `Unknown` दिसतं ते यामुळेच.

माझ्याच एका जुन्या मशीनला हे झालं होतं, आणि तेही ओरिजिनल चार्जर असताना. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड बदलायला सांगितला. घरी येऊन पिनमध्ये टॉर्च मारला, तर मधली सुई वाकून कडेला चिकटलेली. नव्या चार्जरने काम झालं, मदरबोर्ड अजून तोच आहे.

प्रोसेसरला असं बांधून ठेवणारी बीडी प्रोचॉट नावाची सोय सॉफ्टवेअरने बंद करा म्हणजे वेग परत येतो, असं सांगणारे भेटतील. वेग येतो हे खरं. पण तुमच्या 120 च्या चार्जरवर 170 वॅटचा भार टाकलात, तर तो तापून बंद पडेल किंवा तुमचं टेबल भाजेल. मी करणार नाही. 180 चा, त्याच व्होल्टेजचा, ओळख देणारा चार्जर घ्या. वॅट जास्त चालतात, व्होल्टेज मात्र तोच हवा.

आमच्याकडे लोडशेडिंग आहे. इन्व्हर्टरवर लावला तर बॅटरीसारखाच वेग घटेल का?

नाही. चार्जर चालू आहे म्हणजे लॅपटॉपच्या लेखी प्लग लावलेला आहे. 230 वॅटचा चार्जर पूर्ण भारात भिंतीतून 260 च्या आसपास ओढतो, तेवढे वॅट इन्व्हर्टरकडे मोकळे हवेत. पंखे आणि टीव्ही आधीच चालू असतील तर बेरीज करून बघा. साइन वेव्हचा असेल तर निश्चिंत. स्क्वेअर वेव्हवर चार्जर गुणगुणायला लागला, तर निदान गेम तरी थांबवा.

तीन वर्षं जुना लॅपटॉप. बॅटरीवर टायपिंग, सिनेमा सगळं ठीक. गेम चालू केला की 40 टक्के दाखवत असतानाच धाडकन बंद. प्लग लावल्यावर 40 टक्केच दिसतात.

इथे मात्र बॅटरीच गेली आहे. जुन्या सेलचा आतला विरोध वाढतो. टायपिंगला प्रवाह एक अँपिअरच्या आसपास, तेव्हा व्होल्टेज फारसा खचत नाही. गेमला सहा अँपिअर लागले आणि बॅटरीचा विरोध पाव ओहम झालेला असेल, तर दीड व्होल्ट जागच्या जागी गळतो. चारांतला जो सेल सर्वांत अशक्त, तो आधी तळ गाठतो आणि संरक्षक सर्किट सगळ्यांनाच तोडतं. टक्का सांगणाऱ्याला ही घसरण दिसत नाही, म्हणून तो 40 वरच अडून बसतो.

`powercfg /batteryreport` ही आज्ञा द्या. तयार होणाऱ्या फाइलमध्ये `DESIGN CAPACITY` आणि `FULL CHARGE CAPACITY` ताडून पाहा. दुसरा आकडा पहिल्याच्या साठ टक्क्यांच्या खाली असेल, तर नवी बॅटरी घ्या. आकडा बरा दिसूनही मशीन बंद पडत असेल, तरी घ्याच. या फाइलला साठा कळतो, विरोध कळत नाही. आणि मागचं झाकण फुगलंय का, टचपॅड वर आलाय का, हे आज रात्रीच बघा. आला असेल तर गेम सोडा, चार्जिंगलाही लावू नका.