दुकानात पडून असलेली हळद कुणाची? कमिशनवरच्या मालाचा हिशोब

आमच्या बचत गटाने नागपूरच्या एका दुकानदाराला कमिशनवर विकायला वायगावी हळदीची पावडर पाठवली. त्यांनी २०,००० रुपये आगाऊही दिले. मग ही विक्री झाली असं धरून वहीत लिहायचं का? (बचत गटाच्या सचिव, समुद्रपूर तालुका, जि. वर्धा)

नाही ताई, अजून विक्री झालेली नाही. माल त्यांच्या दुकानात असला तरी मालकी गटाचीच आहे. दुकानदार तुमचा एजंट आहे, खरेदीदार नाही. गिऱ्हाइकाने पुडा विकत घेतला की त्या पुड्याची मालकी गटाकडून थेट गिऱ्हाइकाकडे जाते, मध्ये दुकानदाराची होत नाही. विकला न गेलेला माल म्हणूनच तो परत करू शकतो. आगाऊ रक्कम मिळाली म्हणून मालकी बदलत नाही. ते २०,००० दुकानदाराचे तुमच्याकडे जमा आहेत, हिशोब होईल तेव्हा वळते करायचे.

मालक तुम्ही, म्हणजे जोखीमही तुमची. दुकानदाराची काही चूक नसताना गोदामाला आग लागली, तर नुकसान गटाचं. म्हणून विमा कोण उतरवणार हे माल पाठवण्याआधीच लिहून घ्या. चलनावर ‘कमिशनवर विक्रीसाठी, मालकी गटाची’ असं स्पष्ट लिहा. उद्या दुकानदार ज्यांचे पैसे देणं लागतो त्यांनी दुकानातल्या मालावर हक्क सांगितला, तर हा कागद तुमच्या कामी येईल.

३१ मार्चला त्यांच्याकडे १०० किलो पावडर उरली. आमचा खर्च किलोला १८० रुपये, म्हणून आम्ही १८,००० धरले. सीए म्हणतात, दुकानदाराचा खर्चही धरा. त्यांनी केलेला खर्च आमच्या मालात कसा येईल? (त्याच)

सीएंचं बरोबर आहे, पण दुकानदाराचा सगळा खर्च धरायचा नाही. माल विक्रीच्या जागेपर्यंत आणून ठेवायला जो खर्च झाला तो मालाच्या किमतीत मिळवायचा, मग पैसे कुणीही दिलेले असोत. माल जागेवर पोचल्यानंतर साठवायला आणि विकायला जे लागलं ते त्या वर्षाचा खर्च.

तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून मांडून दाखवतो. ४०० किलो, दर १८०, म्हणजे ७२,०००. तुम्ही भरलेलं ट्रकभाडं आणि खोकी ४,०००. नागपुरात माल उतरवायची हमाली आणि गोदामापर्यंतचा टेम्पो २,०००, हे दुकानदाराने दिले. एकूण ७८,०००, म्हणजे किलोला १९५ रुपये. उरलेल्या १०० किलोची किंमत १९,५००. दुकानदाराचे २,००० सगळेच्या सगळे उरलेल्या मालावर टाकू नका. ते ४०० किलोंवर झालेले आहेत, त्यामुळे उरलेल्या १०० किलोंच्या वाट्याला ५००च येतात.

बाकीचे ३०० किलो २५० रुपयांनी विकले गेले, ७५,००० आले. त्यावर कमिशन ४,५००, गोदामभाडं आणि बॅनर मिळून १,५००. हे ६,००० शिल्लक मालात घ्यायचे नाहीत. आता नफा बघा: ७५,००० अधिक १९,५००, वजा ७८,०००, वजा ६,०००, म्हणजे १०,५००. तुमच्या पद्धतीने शिल्लक १८,००० धरली असती तर नफा ९,००० दिसला असता. गटाचे १,५०० रुपये यंदा गायब होऊन पुढच्या वर्षी उगवले असते.

खरी अडचण वेगळीच आहे. दुकानदाराच्या विक्रीपट्टीत ‘हमाली, भाडे व इतर ३,५००’ अशी एकच ओळ आहे. त्यात उतरवण्याची हमाली किती, गोदामभाडं किती, हे कळायला मार्ग नाही. ‘भाडे’ शब्द टेम्पोलाही लागतो आणि गोदामालाही. वरची फोड तुम्ही फोन करून विचारलीत म्हणून मिळाली. पुढच्या वेळी पट्टीतच वेगवेगळ्या ओळी मागा, पावत्यांसह.

आणखी एक बघा. भाव पडला आणि उरलेली पावडर १९० नेच विकली जाईल असं दिसत असेल, तर त्यातून ६ टक्के कमिशन वजा करा. हाती १७८ रुपये ६० पैसे येतात. हे १९५ पेक्षा कमी आहेत, तेव्हा शिल्लक याच दराने, १७,८६० रुपये धरावी लागेल.

वाहतुकीत नेहमीच थोडी पावडर सांडते. ती घट कुठे दाखवायची? (लघुउद्योजक, हिंगणघाट)

दर खेपेला होते तेवढी घट वेगळी दाखवत नाहीत, तिचा भार चांगल्या मालावर पडतो. वरच्याच उदाहरणात १० किलो सांडली असती, तर ७८,००० ला ३९० ने भागायचं. दर २०० होतो. पण गोदामाचं छत गळून १० किलो भिजली, तर ती नेहमीची घट नव्हे. तिचे १९५ दराने १,९५० रुपये नफा-तोटा खात्याला नुकसान म्हणून टाका, दर वाढवू नका. तसं केलंत तर गळक्या छताचं नुकसान शिल्लक मालाच्या किमतीत लपून बसेल.

मी अडत्या आहे. दुसऱ्याचा माल माझ्या गोदामात असतो, तो माझ्या ताळेबंदात दाखवू का? (वर्धा)

नाही भाऊ, तो माल तुमचा नाही. त्याची फक्त नगावारी आवक-जावक नोंदवही ठेवा. हिशोबाच्या वहीत मालकाच्या नावे खातं उघडा: विक्रीचे पैसे जमा, तुम्ही केलेला खर्च आणि तुमचं कमिशन नावे. उरेल ती रक्कम तुम्ही मालकाला देणं लागता. तुमचं उत्पन्न म्हणजे कमिशन. विक्रीची सगळी रक्कम तुमची उलाढाल म्हणून लिहू नका.