आशयपत्र, अटीपत्रक आणि 'बंधनकारक'

प्रश्न : लेटर ऑफ इंटेंट आणि टर्म शीट यांना मराठीत काय म्हणावे? आणि कागद बंधनकारक नसेल तर त्यावर सही कशासाठी घेतात?

अंतिम कराराआधी लिहिल्या जाणाऱ्या या कागदांपैकी लेटर ऑफ इंटेंटला आशयपत्र किंवा इरादापत्र म्हणावे, टर्म शीटला अटीपत्रक. मात्र बंधन आहे की नाही हे नावावरून कळत नाही. बहुतेक अटीपत्रके बंधनकारक नसतात, आणि आशयपत्र म्हणून लिहिलेला कागद मजकुरामुळे करार ठरू शकतो.

आधी क्रियापदे पाहावीत. समजा, एक गुंतवणूकदार पुण्याच्या कंपनीत 2 कोटी रुपये घालून 10 टक्के हिस्सा घेणार आहे. 'हिशेबांची तपासणी समाधानकारक झाल्यास आणि अंतिम करार झाल्यास गुंतवणूक करण्याचा मानस आहे' हा नुसता आशय झाला. उद्या तो मागे फिरला तर या वाक्यावर 2 कोटींचा दावा टिकणे अवघड. 'अमुक तारखेपर्यंत 2 कोटी रुपये भरील आणि कंपनी त्याला इतके शेअर देईल' असे लिहिले की बंधनाची भाषा सुरू झाली. त्यासाठी मुख्य अटी ठरलेल्या हव्यात. शेअरची किंमत 'नंतर ठरवू' असेल, ती ठरवायची रीतही दिलेली नसेल, तर 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 29 आडवे येते: ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि करताही येत नाही, तो करार रद्दबातल.

आता सहीचे. व्यवहार बांधून घेत नसला तरी कागदातली काही कलमे बहुधा बांधून घेतात: गोपनीयता, ठरावीक मुदतीत दुसऱ्या कोणाशी बोलणी न करणे, वकील व तपासणीचा खर्च कोणी सोसायचा, कोणता कायदा आणि वाद कुठे चालवायचा. सही यांच्यासाठी असते. आपल्या उदाहरणात मालकाने 45 दिवस इतरांशी बोलायचे नाही असे मान्य केले आणि विसाव्या दिवशी दुसऱ्याला हिशेब दाखवले, तर गुंतवणूक झाली नाही तरी करारभंग झालाच.

चूक होते ती इथे. 'हा कागद बंधनकारक नाही' एवढेच सरसकट लिहिले की गोपनीयताही सैल पडते. उलट, अपवाद लिहून मुदत घातली नाही तर मालक किती दिवस अडकला यावरच भांडण होते.

कागदानंतरच्या वागण्यावरूनही वाद पेटतो. ओयो आणि झोस्टेल या हॉटेल व्यवसायातल्या कंपन्यांच्या 2015 च्या अटीपत्रकात ते बंधनकारक नसल्याचे लिहिले होते, तरी लवादाने मार्च 2021 मध्ये ते बंधनकारक मानले. मे 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. दरम्यान वर्षे गेलीच.

म्हणून, वर सांगितलेली चार कलमे ओळीने 7 ते 10 असतील तर वाक्य असे असावे: 'कलम 7 ते 10 सहीच्या दिवसापासून बंधनकारक आहेत, कलम 8 ची मुदत 45 दिवस. बाकीची कलमे अंतिम करारावर सह्या होईपर्यंत कोणावरही बंधनकारक नाहीत, मग दरम्यान कोणी काहीही तयारी केलेली असो.'